१०० चा प्लॅन, तरी कॉल का अडकतो?

"१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी व्हिडिओ कॉलवर समोरचे म्हणतात तू अडकतोयस, २०० चा घेऊ का?"

थांबा, लगेच पैसे घालवू नका. जाहिरातीतला १०० हा बहुतेक वेळा डाउनलोडचा आकडा असतो, आणि केबलवाल्या कनेक्शनला अपलोड कधीकधी ५ च मिळतो. तुम्हाला समोरचा स्वच्छ दिसतो पण त्याला तुम्ही फ्रीझ झालेले दिसता, म्हणजे संशय अपलोडवरच घ्यायचा.

आता हिशोब बघा. लग्नाचे २०० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे ८०० एमबी, ५ च्या अपलोडवर किमान २१ मिनिटं लाईन पूर्ण भरलेली, आणि कॉलच्या वेळीच फोन खिशात असताना त्यांचा बॅकअप आपोआप सुरू झाला की कॉलच्या डेटाची पाकिटं राउटरच्या रांगेत फोटोंच्या मागे उभी. कॉलला २-३ एमबीपीएस पुरतात हो, पण रांगेत उशीर झाला की संपलं.

खात्री करायचीय? कॉम्प्युटरवर हे चालवा:

```
ping 8.8.8.8
```

उत्तर यायला लागणारा वेळ बॅकअप बंद असताना २० एमएस आणि चालू केल्यावर ४००-५०० झाला, तर चोर सापडला. मग कॉलच्या वेळी बॅकअप पॉज करा, किंवा रात्री चालू द्या. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सेटिंग, असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा, रांग लांबतच नाही (फोटो जायला थोडा जास्त वेळ लागेल, चालतंय की). वायफायच कमजोर असेल तर मात्र याने काही होणार नाही. आणि प्लॅन बदलायचाच असेल तर आधी विचारा, "अपलोड किती?" फायबरवर बऱ्याचदा दोन्हीकडे सारखा मिळतो.