सिक्स-जी सर्टिफिकेट कायमचं नसतं

“काका, कुर्ल्यात वेल्डिंगची टेस्ट देऊन सिक्स-जी काढलंय. ते आयुष्यभर चालतं ना? मग गल्फची कंपनी परत टेस्ट का मागते?”

नाही बाळा, चालत नाही. सिक्स-जी म्हणजे ४५ अंशात पक्का बसवलेला पाइप न हलवता वेल्ड करणं. प्लांटमधल्या पाइपिंगच्या कामात बहुतेक ठिकाणी एएसएमई सेक्शन नाइन हा कोड लागतो. त्यात वेल्डरची पात्रता तपासण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची असते, म्हणून ती स्वतः टेस्ट घेते. शिवाय ज्या प्रोसेसने, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धतीने, टेस्ट दिलीस, त्या प्रोसेसने सहा महिने वेल्डिंग केलं नाही, तर ती पात्रताच संपते. म्हणून सुपरवायझरच्या सहीची कामाची नोंद जपून ठेव.

दुसरी गोष्ट, कागदावर प्रोसेस बघ. एका पोराकडे फक्त रॉडचं, म्हणजे आर्कचं सिक्स-जी होतं. साइटवर रूट, म्हणजे जोडाचा पहिला थर, आर्गॉनच्या टिग प्रोसेसने भरायचा होता. त्या कामासाठी त्याचा कागद निरुपयोगी ठरला, हात कितीही चांगला असला तरी.

जाडीचंही तसंच. टेस्टमध्ये ५ मिलिमीटर भरलंस, तर साधारण दुपटीपर्यंत म्हणजे १० मिलिमीटरपर्यंतच पात्र. किमान तीन थरांत १३ मिलिमीटर किंवा जास्त भरलंस, तर वरची मर्यादा राहत नाही.

एजंट “लाइफटाइम” म्हणाला, तर त्याला प्रोसेस, भरलेली जाडी आणि पाइपचा व्यास कागदावर दाखवायला सांग. हे तीन नसतील तर पैसे देऊ नकोस.