बांगडा खाल्ला आणि तोंड लाल झालं

"बांगडा कडकडीत तळला होता, वासही नव्हता. तरी अर्ध्या तासात तोंड लाल, उलटी. आता मासे कायमचे बंद?"

बहुतेक वेळा तशी गरज नसते. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ तोच. तळून जिवाणू मरतात, हिस्टामीन मात्र तसंच राहतं. मासा नंतर फ्रीजरमध्ये ठेवूनही ते जात नाही. वासावरून कळेलच असं नाही, कधी जिभेला तिखट चुरचुर जाणवते.

नेहमीची अन्नबाधा सहसा काही तासांनी सुरू होते, अनेकदा ताप येतो. इथे काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा-मान लाल होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. ताप नसतो आणि बहुधा दिवसभरात उतरतं. अ‍ॅलर्जीही अशीच दिसते, म्हणून सोबत जेवलेल्या इतरांना विचारा. तोच बांगडा खाऊन तिघं लाल झाले, तर दोष माशाचा. एकट्यालाच झालं, किंवा कोळंबी-खेकड्याने झालं, तर अ‍ॅलर्जीचा संशय धरून तपासणी कराच. श्वास अडकला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर कारण शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.