नोटिशीत नाही की स्कॅनमध्ये नाही? चेक बाउन्सच्या नोटिशीचं शेवटचं पान गायब असेल तर

मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते, त्यामुळे नातेवाइकांपैकी कुणाला नोटीस आली की ती आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येते. 10 जूनला मावसभावाने चेक बाउन्सची एक नोटीस पाठवली, तीन पानांची पीडीएफ, आणि खाली लिहिलं, "ताई, यात पैसे कधीपर्यंत द्यायचे ते लिहिलेलंच नाही, वकिलाची सहीसुद्धा नाही, म्हणजे ही नोटीस बादच ना?"

नाही. नोटिशीतच एखादी गोष्ट नसणं वेगळं आणि तुमच्या स्कॅनमध्ये ती नसणं वेगळं. पहिल्यावरून बचाव उभा राहू शकतो, दुसऱ्यावरून फक्त एवढंच कळतं की स्कॅन नीट झालेला नाही.

आता हे ओळखायचं कसं, तर तिसरं पान शेवटपर्यंत वाचा. याच्या पीडीएफमध्ये शेवटची ओळ होती "सबब या नोटिशीद्वारे आपणांस कळविण्यात येते की", आणि पुढे काहीच नाही. वाक्य अर्धवट आहे म्हणजे मजकूर पुढे चालू आहे. मी विचारलं कागद किती, तर म्हणाला दोन, पाठपोट टाइप केलेले. दोन कागदांच्या चार बाजू होतात आणि पीडीएफमध्ये तीनच, म्हणजे झेरॉक्सवाल्याने दुसऱ्या कागदाची मागची बाजू घेतलीच नव्हती. पण एक लक्षात ठेवा, तिसरं पान पूर्णविरामाने संपलं असतं तरी त्यावरून नोटीस तिथे संपली असं धरता आलं नसतं. सही दिसत नाही तोवर पुढे पान असणारच असं मी धरून चालते.

आणि नेमकं शेवटच्याच पानावर काय असतं? आधीच्या पानांवर हकीकत असते, म्हणजे माल कधी दिला, चेक कुठल्या बँकेचा, कितीचा, परत का आला. मागणी येते ती "सबब"नंतर, मग मुदत, नोटीस फी, सही. म्हणजे जे "नाही" म्हणून तो खूश होता ते सगळं असण्याची जागाच स्कॅनमधून गेली होती.

सगळ्यात धोक्याचा निष्कर्ष रकमेचा. चेक 1,80,000 चा होता आणि तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की व्याज आणि जुनी बाकी धरून एकूण येणं 2,35,000. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की चेकपेक्षा जास्त मागितलं की नोटीस रद्द होते, म्हणून तो निवांत. ऐकलेलं अगदीच खोटं नाही, कलम 138 च्या नोटिशीत चेकच्या रकमेचीच मागणी लागते. पण हकीकतीत सांगितलेली रक्कम म्हणजे मागणी नव्हे. चौथ्या पानावर चेकचे 1,80,000 वेगळे मागून व्याज-बाकीचे 55,000 वेगळे दाखवले असतील तर नोटीस चालते, सुप्रीम कोर्टाने 2000 साली सुमन सेठी प्रकरणात तसंच सांगितलंय. चेकची रक्कम वेगळी न काढता सरसकट 2,35,000 मागितले असतील तर मात्र बचावाला जागा आहे. दोन्ही शक्य होतं, आणि तीन पानं शंभर वेळा वाचली तरी कुठलं खरं ते कळणार नव्हतं. म्हणून मीही त्याला "नोटीस बरोबरच असेल" असं सांगितलं नाही, तोही अंदाजच झाला असता.

मुदतीचं तसं नाही, इथे पान नसलं तरी एक गोष्ट पक्की सांगता येते. नोटीस मिळाल्यावर 15 दिवस हे कायद्यात आहेत, चौथ्या पानाच्या भरवशावर नाहीत. त्याला पाकीट 3 जूनला मिळालं, तो दिवस सोडून मोजलं तर 18 जूनपर्यंत वेळ, नंतर समोरच्याला तक्रार दाखल करायला एक महिना. पीडीएफ कधी बनली याचा यात काही संबंध नाही, आणि "मला पूर्ण कॉपी पाठवा" असं पत्र लिहिल्याने हे दिवस थांबतात असंही धरू नका. त्याला अजून एक ऐकीव माहिती होती की कोर्टाचं समन्स आल्यावर 15 दिवसांत भरलं तरी चालतं. ती सवलत 2007 च्या सी. सी. अलावी हाजी निकालातली आहे, पण नोटीस मिळालीच नाही असं म्हणणाऱ्यासाठी, याने तर पाकीट स्वतः सही करून घेतलं होतं.

सहीचंही तेच, तीन पानांवर सही नाही यावरून नोटीस बिनसहीची किंवा बनावट ठरत नाही. तीन पानांवरून खात्रीने घेण्यासारखं एवढंच होतं की नोटीस कुणाच्या वतीने आली, कुठल्या चेकबद्दल आणि चेक परत येण्याचं कारण त्यांनी काय दिलंय.

मी त्याला मूळ कागद उलटून फोटो काढायला सांगितला. पाच मिनिटांत आला. चेकचे 1,80,000 पंधरा दिवसांत, 55,000 आणि नोटीस फी 5,000 वेगवेगळ्या ओळींत, खाली सही-शिक्का. चेकच्या रकमेवर त्याचा वाद नव्हताच, वाद होता 55,000 चा. मग वकिलांना विचारून त्याने 16 जूनला 1,80,000 एनईएफटी केले आणि बाकीबद्दल लेखी उत्तर पाठवलं.