काचेत रस्ता दिसतो, कॅशियर दिसत नाही

बँकेच्या शाखेचं नूतनीकरण ठरलं की कामगार यायच्या आधी थ्रीडी व्ह्यू येतात. सगळे साधारण एकसारखेच. मधाच्या रंगाचे लाकडी काउंटर, दुधासारखा मऊ प्रकाश, एका कोपऱ्यात कुंडी आणि रांगेत इस्त्रीच्या कपड्यातली दोनच माणसं. कोणाच्या हातात ठिबकणारी छत्री नाही, कोणी पासबुक उलटसुलट करत नाही. मी अशी चित्रं बरीच वर्षं करतोय, म्हणून सांगतो: त्यातली कुंडी खोटी असली तरी चालतं. फसवणूक होते ती प्रकाशात, आणि त्या दोन माणसांत.

उदाहरणासाठी गिरगावात एक शाखा उभी करू. जुन्या इमारतीचा तळमजला, 7 मीटर रुंद, 14 मीटर खोल. पश्चिमेला रस्ता, त्या बाजूला काचेचं दार आणि काचेचीच दर्शनी भिंत. दारापासून 9 मीटर आत, दाराकडे तोंड करून तीन काउंटर, पुढे उभी काच. काचेमागे कॅशियरची बसायची जागा वीतभर उंच केलेली, जुन्या शाखांत असते तशी. आत्ता तीन काउंटरांना तीन रांगा लागतात. नव्या आराखड्यात एकच रांग आहे, बाजूच्या भिंतीलगत. जो काउंटर मोकळा होईल तिकडे पुढच्याने जायचं.

आधी रांग, कारण ते गणित सोपं आहे. डेन्मार्कचे आग्नर एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. एक्स्चेंजमध्ये किती तारा लागतील, म्हणजे कॉल करणाऱ्याला फार थांबावं लागणार नाही, या प्रश्नातून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी सूत्रं काढली तीच काउंटरला लागू पडतात. समजा, गर्दीच्या तासात 36 माणसं येतात आणि एकाच्या कामाला सरासरी 4 मिनिटं लागतात. माणसं अनियमितपणे येतात, कामंही लहानमोठी असतात. तीन वेगळ्या रांगा असतील आणि कोणी रांग बदलणार नसेल, तर सरासरी 16 मिनिटं थांबावं लागतं. तीच माणसं, तेच तीन कॅशियर, फक्त रांग एक केली की सरासरी सव्वाचार मिनिटांवर येते. प्रत्यक्षात लोक शेजारची रांग सरकतेय म्हटल्यावर उडी मारतातच, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही. पण एक रांग जिंकते, कारण एकाचं लांबलेलं काम मागच्या सगळ्यांना अडवून धरत नाही आणि एखादा कॅशियर रिकामा बसून शेजारी गर्दी, असं होत नाही.

म्हणजे चित्रात रांगेत दोन-तीन माणसं दाखवली तर ते खोटं नाही. सूत्रही सरासरी अडीच माणसंच सांगतं. आता नोव्हेंबर घ्या. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. तासाला 36 ऐवजी 42 माणसं आली, फक्त सहा जास्त, तर रांगेतली सरासरी अडीचवरून बारावर जाते आणि थांबणं साडेसतरा मिनिटांवर. तीन कॅशियर तासाला जास्तीत जास्त 45 माणसांचं काम उरकू शकतात. आकडा त्या टोकाजवळ सरकला की रांग हळूहळू वाढत नाही, उसळते. माणशी पाऊण मीटर धरला तर बारा जणांना 9 मीटर लागतात, म्हणजे भिंतीलगतची रांग थेट दाराशी. म्हणून मी एक व्ह्यू नोव्हेंबरचा करतो, बारा माणसं आणि त्यांच्यासाठी खुर्च्या घालून. तो कोणालाच आवडत नाही.

आता प्रकाशाकडे. चित्र काढणारा प्रोग्रॅम मुळात प्रामाणिक असतो. 1986 मध्ये जेम्स काजिया यांनी एक समीकरण मांडलं. त्याचा आशय इतकाच, की कुठल्याही बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश, अधिक बाकी सगळीकडून त्यावर पडून परतलेला प्रकाश. संगणक डोळ्यापासून उलटे निघून लाखो किरणांचा माग काढतो आणि हा हिशेब जुळवतो. हिशेब बरोबर असतो; गोंधळ आपण भरलेल्या माहितीत असतो. पांढरी भिंत म्हणून शुद्ध पांढरा रंग दिला की प्रोग्रॅम समजतो, पडलेला सगळा प्रकाश परततो. खरा ताजा पांढरा रंग सुमारे 80 टक्के परत देतो, आणि प्रकाश खोलीत दहादा आपटत असल्याने हा फरक साचत जातो. कोपरा काळवंडलेला दिसला की हवेत एक अदृश्य दिवा टांगायचा, ही आमच्या धंद्यातली सर्रास सवय. शिवाय दिव्याच्या पर्यायांत एक खूण काढून टाकली की तो दिवा काचेत उमटतच नाही. काच स्वच्छ, चित्र सुंदर.

सगळ्यात मोठी सोय कॅमेऱ्याची. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती प्रकाश पडतो त्याचं माप. खोलीत 100 लक्स असो वा 500, कॅमेरा स्वतःला जुळवून घेतो आणि दोन्ही चित्रं सारखीच उजळ येतात. त्यामुळे नुसतं चित्र पाहून पावती वाचता येईल का, हे कळत नाही. त्यासाठी दिवा बनवणाऱ्या कंपनीकडून त्याची `.ies` फाइल घ्यायची. त्यात दिवा कोणत्या कोनात किती प्रकाश टाकतो ते मोजून दिलेलं असतं. मग रंगांऐवजी आकडे दाखवणारा व्ह्यू काढायचा: निळा म्हणजे कमी, पिवळा-लाल म्हणजे जास्त. दिसायला तापमानाच्या नकाशासारखा.

आपल्या शाखेत असा व्ह्यू काढला तर लिहायच्या जागी 500 लक्स मिळतात, म्हणजे पुरेसे. वांधा आहे तो काचेत.

साधी काच समोरून पाहिली तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के, दोन्ही मिळून 8 टक्के प्रकाश परत फेकते. आठ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, जोवर मागे काय आहे ते आपण बघत नाही. सकाळी साडेदहाला रस्त्यापलीकडच्या इमारतीची पूर्वेकडची भिंत उन्हात न्हालेली असते. तिचा उजळपणा चौरस मीटरला सुमारे 3000 कँडेला धरा, दाराच्या काचेतून आत येताना 2400. त्याचे 8 टक्के म्हणजे 190. आणि कॅशियरचा चेहरा? त्यावर 200 लक्स पडत असतील आणि त्वचा 30 टक्के परत देत असेल, तर परतलेल्या 60 ला 3.14 ने भागून चेहऱ्याचा उजळपणा 19 कँडेला, काचेतून आल्यावर 17. म्हणजे काचेत उमटलेला रस्ता चेहऱ्यापेक्षा अकरा पट उजळ. आपण पैशांबद्दल विचारतोय आणि समोर रिक्षा जाताना दिसतेय.

गंमत अशी की हे सगळ्यांना होत नाही. उंच माणसाचा डोळा 162 सेंटिमीटरवर आहे, कॅशियरचा 135 वर. तो खाली बघतो, म्हणून काचेवर आपटून परतणारी नजरही खालीच जाते आणि सात-सव्वासात मीटरवर जमिनीला लागते. काचेत त्याला मंद लादी दिसते. तिचा त्रास नाही. पण दीड मीटर उंचीच्या आजींचा डोळा 142 वर. त्यांची नजर जवळजवळ सरळ, त्यामुळे परतून ती दारापर्यंत पोचते आणि बाहेर रस्त्यावर जाते. व्हीलचेअरसाठी केलेल्या पाऊण मीटर उंचीच्या काउंटरवरही तेच, कारण तिथे दोघंही बसलेले असतात आणि डोळे समपातळीत येतात. त्यात साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर तोही विखुरलेला. शाखेत वारंवार कोण येतं, तर हीच मंडळी. आमचे व्ह्यू मात्र 160-170 सेंटिमीटरवरून काढलेले, काढणाऱ्याच्या स्वतःच्या उंचीचे.

मग आत्ताच्या शाखेत ही तक्रार का नाही? कारण आजींच्या मागे रांग उभी आहे. मागच्या माणसांच्या पाठी-पोटांनी दार झाकलं जातं आणि काचेत उमटतात ते मंद कपडे. नव्या आराखड्यात रांग बाजूला गेली, मागची 9 मीटर जागा मोकळी झाली आणि त्या मोकळ्या जागेतून रस्ता थेट काचेत आला. रांग सुधारली आणि काउंटर बिघडला. हे दोन कागद वेगवेगळ्या माणसांच्या टेबलावर असतात, त्यामुळे उद्घाटनापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिला उपाय म्हणून सगळे आतले दिवे वाढवतात. चेहऱ्यावरचा प्रकाश दुप्पट केला तरी 17 चे 35 होतात, समोर 190 आहेतच. आणि शांत प्रकाश हवा असं ठरलेलं असताना छत पेटवलं की ती शांतताही जाते. डोळ्याला शांत वाटतं ते दिवे मंद असल्याने नव्हे, नजरेच्या टप्प्यात एखादी जागा बाकीच्यांपेक्षा फार उजळ नसल्याने. काउंटर दाराला काटकोनात फिरवणं उत्तम, पण 7 मीटर रुंदीत ते बसत नाही. परावर्तन कमी करणारा लेप दिलेली काच मिळते, महाग असते. स्वस्त उपाय काच कलवण्याचा. मीटरभर उंचीच्या काचेचं वरचं टोक ग्राहकाकडे 9 सेंटिमीटर पुढे घेतलं की काच 5 अंश कलते आणि परतणारी नजर त्याच्या दुप्पट, 10 अंश खाली वळते. आजींची नजर मग दाराऐवजी 6 मीटरवर जमिनीला लागते.

इथे लादी आडवी येते. नूतनीकरणात हमखास चकचकीत व्हिट्रिफाइड लादी निवडतात, पुसायला सोपी म्हणून. इतक्या तिरक्या कोनात चकचकीत लादी जवळपास पाव हिस्सा प्रकाश आरशासारखा परत फेकते. म्हणजे रस्ता आधी लादीत आणि लादीतून काचेत, अजूनही चेहऱ्याच्या तिप्पट उजळ. लादी मॅट असेल तर मात्र तिथला उजळपणा पंचवीसच्या आसपास, काचेत उमटून दोन. चेहरा 17. दिसतो.

हे चित्रात पकडायचं तर कॅमेरा 142 सेंटिमीटरवर, काचेपासून अर्ध्या मीटरवर ठेवायचा, वेळ सकाळी साडेदहाची, बाहेर उन्हातली भिंत, मागची जागा मोकळी आणि काचेतली परावर्तनं चालू. या व्ह्यूत दर्शनी भाग पांढरा फटक येतो आणि लाकडाचा मध जातो. एकदा मला विचारलं गेलं, हा इतका खालून का घेतलाय, चुकून राहिलाय का? तेव्हापासून मी सोबत एक साधा प्रयोग सुचवतो. आत्ताच्याच शाखेत, ऊन असलेल्या सकाळी, ग्राहक आत घ्यायच्या आधी, सुताराकडून प्लायच्या चौकटीत काच उभी करून घ्यायची. मागे वीतभर उंच पाटावर खुर्ची ठेवून एकाला बसवायचं आणि शाखेतल्या सगळ्यात बुटक्या माणसाला समोर उभं करायचं. त्यांना चेहरा दिसला नाही, तर चौकटीखाली मागच्या बाजूला पाचर ठोकत जायचं, दिसेपर्यंत.