बाळाच्या अंगावरील कॉफीच्या रंगाचे डाग: किती झाले की तपासून घ्यावे?

आमच्या आनुवंशिकी समुपदेशन केंद्रात येणारे पालक बहुधा हीच गोष्ट सांगतात. बाळ जन्मले तेव्हा पाठीवर एकच सपाट, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा डाग होता. त्याला जन्मखूण म्हणून सोडून दिले, आणि वर्षभरात तसेच आणखी डाग दिसू लागले. या डागांना वैद्यकीय भाषेत ‘कॅफे-ओ-ले’ डाग म्हणतात. ते त्वचेच्या पातळीतच असतात, हाताला लागत नाहीत, खाजत नाहीत आणि दुखत नाहीत. सावळ्या त्वचेवर ते गडद तपकिरी दिसतात. कमरेवरचे निळसर-करडे डाग मात्र वेगळे असून आपल्याकडील अनेक बाळांना ते जन्मतः असतात आणि बहुधा पुढे फिके होतात. त्यांची मोजदाद येथे करायची नाही. गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने किंवा काही खाल्ल्याने यांतला कोणताही डाग येत नाही, हे आईला दोष देणाऱ्या नातेवाइकांनाही अवश्य सांगावे.

एक-दोन डाग असलेली निरोगी मुले पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नसते. प्रश्न संख्येचा आणि आकाराचा आहे. वयात येण्यापूर्वी पाच मिलिमीटरपेक्षा मोठे (वयात आल्यावर पंधरा मिलिमीटरपेक्षा मोठे) असे सहा किंवा अधिक डाग असतील, तर ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १’, म्हणजे एनएफ-१, या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. हा विकार साधारण तीन हजारांत एकाला असतो. सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बिघाड झाल्याने पेशींची वाढ आवरणारे प्रथिन कमी पडते, आणि त्यामुळे पुढे मज्जातंतूंवर मऊ गाठी येऊ शकतात. सुमारे निम्म्या रुग्णांत हा बिघाड नव्याने झालेला असतो, म्हणून ‘आमच्या घरात कोणालाच नाही’ एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

मात्र सहा डाग म्हणजे निदान नव्हे. निदानासाठी सहसा दुसरी खूणही लागते: काखेत वा जांघेत बारीक ठिपके, डोळ्याच्या बुबुळावर सूक्ष्म गाठी, त्वचेवरील मऊ गाठी, विशिष्ट हाडाचा दोष, जनुकातील सिद्ध बिघाड, किंवा आई-वडिलांपैकी एकाला हा विकार असणे. यांपैकी काखेतले ठिपके बहुधा तीन ते पाच वर्षांच्या सुमारास उमटू लागतात. त्यामुळे तान्ह्या बाळात ते नसणे हा पुरावा नाही.

उदाहरणादाखल असे समजा, की चौदा महिन्यांच्या मुलीच्या अंगावर नऊ डाग आहेत. दिवसाच्या उजेडात, कपडे काढून, पट्टीने प्रत्येक डागाची सर्वांत लांब बाजू मोजली तर दोन डाग तीन मिलिमीटरचे, म्हणजे न धरण्याजोगे, आणि सात डाग सहा ते अठरा मिलिमीटरचे भरतात. पहिली खूण पुरी झाली. यापुढे आम्ही लगेच रक्त घेत नाही. आधी आई-वडिलांची त्वचा पाहतो. वडिलांच्या पाठीवर त्यांना ‘चामखीळ’ वाटणाऱ्या चार मऊ गाठी आहेत आणि काखेत ठिपके आहेत. त्वचातज्ज्ञांनी त्या गाठी न्यूरोफायब्रोमा, म्हणजे मज्जातंतूंवरच्या मऊ गाठीच, असल्याची खात्री केली, तर दोन खुणांमुळे निदान आधी वडिलांचे होते आणि मग मुलीचेही. वडील निरोगी असते, तर मुलीची जनुकचाचणी उपयोगी ठरली असती, कारण ‘लेजियस’ नावाच्या सौम्य विकारातही अगदी असेच डाग येतात, पण गाठी होत नाहीत. चाचणीत दोन्ही विकारांची जनुके पाहावीत. अहवाल सामान्य आला तरी शंका पूर्ण मिटत नाही, कारण बिघाड काही पेशींपुरताच असेल तर तो रक्तात सापडेलच असे नाही.

निदानानंतर दरवर्षी बालरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब, पाठीचा कणा आणि विकास पाहून घ्यावा. डोळ्यांच्या मज्जातंतूवरील गाठ बहुतेक वेळा सहा-सात वर्षांच्या आत उद्भवते आणि लहान मूल आपल्याला कमी दिसते हे सांगत नाही, म्हणून त्या वयात नेत्रतपासणी चुकवू नये. तक्रार नसताना दरवर्षी मेंदूचा एमआरआय करण्याची सहसा गरज नसते. नव्याने तिरळेपणा येणे, डोळा पुढे येणे, पायाच्या नळीचे हाड वाकणे, किंवा एखादी गाठ झपाट्याने वाढणे वा दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास वार्षिक भेटीची वाट न पाहता जावे.

प्रत्येक पुढच्या अपत्याला हा बिघाड मिळण्याची शक्यता, आई-वडिलांपैकी एकाला विकार असल्यास, पन्नास टक्के असते. पण त्याची तीव्रता एकाच घरातही फार निराळी असते, आणि डागांच्या संख्येवरून ती सांगता येत नाही. भेटीला येताना पट्टी ठेवून काढलेली डागांची छायाचित्रे आणावीत आणि शक्यतो दोघाही पालकांनी यावे.