चिडवल्याने तोतरेपणा सुटतो का?

“वर्गात चार मुलांनी चिडवले की लाजेने मूल नीट बोलू लागते, मोठ्यांनी मध्ये पडू नये.”

हे खरे नाही. तोतरेपणा हा मेंदूकडून होणाऱ्या बोलण्याच्या नियोजनाशी निगडित असतो, त्यामुळे तो लाजेने थांबत नाही. चिडवलेले मूल अडखळणारे शब्द टाळते, उत्तर येत असूनही गप्प बसते आणि अडखळणे कमी ऐकू आल्यामुळे सुधारणा झाल्यासारखे वाटते. हा गैरसमज टिकण्याचे कारण बहुधा हेच असावे.

पडताळा घ्यायचा तर पालकांनी आणि वर्गशिक्षकांनी दोन आठवडे वेगवेगळी नोंद ठेवावी: तारीख, तास, चिडवणाऱ्याचे नेमके शब्द आणि त्यानंतर मुलाने काय केले. स्वतः पाहिलेले आणि मुलाने सांगितलेले यांची सरमिसळ करू नये. मूल किती वेळा अडखळले हे मात्र मोजू नये, कारण तोतरेपणा मुळातच दिवसागणिक कमीजास्त होतो आणि मोजले जात आहे हे कळताच मूल अधिक आखडते.

समजा, बहुतेक नोंदी हजेरीच्या वेळच्या निघाल्या: “ह…ह…” होताच मागच्या बाकावरून नक्कल होते आणि पुढच्या तासाला मूल हात वर करत नाही. अशा वेळी शिक्षकांनी सर्वांनाच हात वर करून हजेरी देण्याची मुभा द्यावी, नक्कल करणाऱ्यांशी एकेकट्याने बोलावे आणि मुलाची संमती असल्याशिवाय वर्गासमोर तोतरेपणाचा विषय काढू नये. पालकांनी त्याचे वाक्य स्वतः पूर्ण न करता ऐकून घ्यावे. महिन्याभराने नोंदी पुन्हा ताडून पाहाव्यात. चिडवणे थांबूनही मूल बोलणे टाळत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना त्या दाखवाव्यात.