थेट प्रक्षेपणातील गाणे आणि कॉपीराइट दावा

थेट प्रक्षेपणात किंवा व्हिडिओत स्ट्रीमिंग ॲपवरचे गाणे वाजले, की यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विच यांसारख्या मंचांवरील स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते आणि गाण्याच्या मालकाने आधीच ठरवून दिलेली कारवाई करते. ॲपचे वर्गणीदार असण्याने यात काही फरक पडत नाही. वर्गणीतून मिळते ती खाजगी ऐकण्याची परवानगी. तेच गाणे चित्राला जोडून लोकांपर्यंत पोहोचवणे हा कायद्याच्या दृष्टीने वेगळा वापर आहे.

एका गाण्यात किमान दोन हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. गणपतीची परिचित आरती रामदासांच्या नावावर आहे. तिच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. पण ती एखाद्या गायिकेने गायली आणि कंपनीने ध्वनिमुद्रित केली, की ते ध्वनिमुद्रण कंपनीचे होते. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे हा हक्क टिकतो. ‘आरती तर सगळ्यांचीच’ हा युक्तिवाद इथेच अडतो.

यूट्यूबची ओळख यंत्रणा कंटेंट आयडी 2007 साली सुरू झाली. हक्कधारक मूळ फाइल देतो आणि यंत्रणा तिच्यातून ध्वनीचा ठसा काढते. असा ठसा म्हणजे, ढोबळमानाने, कोणत्या क्षणी कोणते स्वर ठळक आहेत आणि त्यांच्यात किती अंतर आहे याची नोंद. म्हणूनच स्पीकरवरून माइकमध्ये शिरलेले, वर कोणी बोलत असलेले गाणेही पकडले जाते. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हा समज निराधार आहे. कायद्यात किंवा यंत्रणेत तशी सूट नाही.

समजा, एका मंडळाने दोन तासांची आरती यूट्यूबवर थेट दाखवली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मंडपातील स्पीकरवर ॲपमधून चार मिनिटांचे भक्तिगीत लागले. यंत्रणेला जुळणी सापडली, तर प्रक्षेपणाच्या जागी स्थिरचित्र येऊ शकते आणि गाणे थांबवण्याचा इशारा मिळतो. गाणे थांबवले तर चित्र परत येते, चालू ठेवले तर प्रक्षेपण बंद होऊ शकते. कार्यक्रम संपल्यावर साठवलेला व्हिडिओ पुन्हा तपासला जातो. त्या वेळी जुळणी सापडली तर व्हिडिओवर दावा लागतो आणि हक्कधारकाच्या धोरणानुसार तीनपैकी एक गोष्ट घडते: व्हिडिओ रोखला जातो, जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे वळते, किंवा फक्त प्रेक्षकसंख्येवर लक्ष ठेवले जाते.

मंडळाने मंडपात गाणी वाजवण्याचा परवाना घेतलेला असला, तरी तो सार्वजनिक वादनापुरता असतो. इंटरनेटवरील प्रक्षेपणाला तो लागू पडत नाही. धार्मिक विधीत गाणे वाजवण्याला कायद्यात असलेली सवलतही प्रत्यक्ष विधीसाठी आहे, व्हिडिओसाठी नाही. मंडळांची फसगत सर्वाधिक होते ती इथे.

आवाज नेमका कोण बंद करतो, हे मंचागणिक बदलते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर यंत्रणाच तेवढा भाग मुका करू शकते. ट्विचवर साठवलेल्या प्रक्षेपणांबाबत हेच होते. यूट्यूबवर हा निर्णय बहुधा व्हिडिओ टाकणाऱ्याला घ्यावा लागतो. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओसमोरील निर्बंधाच्या तपशिलात गाण्याचे नाव आणि जुळलेली वेळ दिसते. तिथून तो भाग कापता येतो (`Trim out segment`), गाणे बदलता येते (`Replace song`) किंवा तेवढाच आवाज घालवता येतो. वरील उदाहरणात शेवटचा मार्ग बरा, कारण दृश्य शाबूत राहते. फक्त गाणे पुसून बोलणे ठेवण्याचा पर्यायही असतो, पण गाणे मोठ्याने वाजत असेल तर बोलण्याचा काही भाग त्याबरोबर जातो. बदल साठवून प्रक्रिया पूर्ण झाली, की दावा आपोआप हटतो.

दावा आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नये. दावा त्या व्हिडिओपुरता असतो. हक्कधारकाने व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी केली तर स्ट्राइक लागतो, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकते.

चुकीचे दावेही होतात. दोन कलाकारांनी तोच तयार तबल्याचा ठेका विकत घेऊन वापरला असेल, आणि त्यातील एकाने आपले गाणे यंत्रणेत दिले, तर दुसऱ्याच्या स्वतःच्या रचनेवर दावा येऊ शकतो. अशा वेळी ठेक्याचा परवाना किंवा पावती जोडून हरकत घ्यावी. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. उत्तर आले नाही तर दावा सुटतो. हरकत फेटाळली गेली तर अपील करता येते, मात्र तिथे दावेदार कायदेशीर मागणी करून स्ट्राइक आणू शकतो. त्यामुळे परवान्याचा कागद हातात नसताना अपील करू नये.